लटारूची बारमाही

लटारूबद्दल लिहायचं तर आधी स्वतःबद्दल वाईट लिहावं लागतं, म्हणून इतकी वर्षं टाळत आलो. पण आता नोकरी संपली, कोणाची भीती उरली नाही, आणि माझी बायको गुणाबाई दर दोन दिवसांनी म्हणते, "लिवून टाका ना एकदाचं, पोटात ठेवून काऊन बसता?" तिचं ऐकलं नाही की भाजीत मीठ कमी पडतं, हा माझा अनुभव आहे. तर लिहितो.

ही गोष्ट पंचावन्न सालची. तेव्हा आमचा चांदा जिल्हा मध्यप्रदेशात होता आणि मोठ्या साहेबांची सगळी हापिसं नागपूरला होती. आमच्या शेठचा लाकडाचा डेपो नागभीडच्या स्टेशनाला लागून होता. खालच्या जंगलातून बैलबंड्या भरभरून सागाचे गोल यायचे. गोल म्हणजे सोललेले, तोडलेले ओंडके. ते मोजायचे, त्यांवर नंबर घालायचे, थप्प्या लावायच्या आणि छोट्या गाडीच्या वाघिणीत, म्हणजे मालडब्यात, भरून नागपूरला रवाना करायचे, हा आमचा धंदा. मी तिथला मुन्शी. नाव बापूजी, पण डेपोत सगळे 'मुन्शीजी'च म्हणत, आणि मलाही ते आवडायचं.

आमच्यावर मॅनेजर होते नूर मोहम्मद साहेब. उंच, शिडशिडीत, दाढी पांढरी होत आलेली, आवाज कधी चढवायचे नाहीत. आवाज न चढवणाऱ्या माणसाची भीती जास्त वाटते, हे ज्याने त्यांच्या हाताखाली काम केलं त्यालाच कळेल. गोलाच्या कापलेल्या तोंडावर ते नुसती टिचकी मारत आणि सांगत, "आतून पोकळ आहे, बाजूले काढा." फोडून बघितलं की पोकळ निघायचाच.

आमच्या धंद्यात माणसं दोन जातीची. एक हंगामी, एक बारमाही. दिवाळीनंतर बंड्या सुरू व्हायच्या त्या मृग लागेपर्यंत. पाऊस लागला की जंगलातले रस्ते बंद, बंड्या बंद, आणि हंगामी माणसं आपापल्या गावी धानाच्या चिखलात. मॅनेजर स्वतःच्या अखत्यारीत पन्नास हंगामी माणसं ठेवू शकत, पण बारमाही माणूस एकसुद्धा ठेवायचा तर नागपूरला शेठला पत्र जायचं. मे संपायच्या आत शेठकडून पावसाळ्यातल्या माणसांची यादी यायची. त्या यादीत नाव आलं तर माणूस तरला. त्या काळी डेपोत बारमाही होतो मॅनेजर, मी आणि एक चौकीदार, बस.

शेठने त्या वर्षी नवी टूम काढली होती, उमेदवार ठेवायची. मॅट्रिक झालेला एखादा पोरगा सहा महिने शिकाऊ म्हणून घ्यायचा, जेवणापुरतं द्यायचं आणि काम शिकवायचं. पहिला उमेदवार म्हणून आला लटारू. तळोधीकडच्या एका खेड्यातला, धानवाल्या शेतकऱ्याचा मधला मुलगा. वय बावीस. कान मोठे, मान बारीक, आणि चालताना असा वाकायचा की जणू जमिनीवर काहीतरी हरवलंय. मी पहिल्याच दिवशी म्हटलं, "काय रे, सुई पडली का तुही?" तर तो खरंच खाली बघायला लागला.

मापात मात्र तो असा निघाला की मला रागच यायचा. गोलाचा घेर बरोबर मधोमध घ्यायचा असतो. आम्ही जुने लोक अंदाजाने मध्य धरतो. लटारू आधी लांबी घ्यायचा, तिचा अर्धा काढायचा, तिथे खडूची रेघ मारायचा आणि मग फीता गुंडाळायचा. फीता कापडी, वापरून वापरून सैल पडतो, म्हणून दर सोमवारी तो फीता लोखंडी गजाशी ताडून बघायचा. त्याने तसं पहिल्यांदा केलं तेव्हा फीता पाव इंच लांबलेला निघाला. साहेबांनी त्याच दिवशी नवा फीता मागवला आणि माझ्याकडे बघितलं. आठ वर्षं मी तोच फीता वापरत होतो.

त्याच्यावर चिडायचं कारण तेवढंच नव्हतं. तो माझ्याशी फार आदराने वागायचा. 'मुन्शीजी, हे असंच का?', 'मुन्शीजी, तसं का नाई?' असं विचारत माझ्यामागे फिरायचा, आणि निम्म्या प्रश्नांची उत्तरं मला ठाऊक नसायची.

त्याचं लग्न झालेलं होतं हे मला दोन महिन्यांनी कळलं. रंभा नावाची बायको, तिच्या माहेरी ब्रह्मपुरीकडे. दोन वर्षं झाली तरी सासऱ्याने, मुखरूने, पोरगी पाठवली नव्हती. हा मुखरू भला माणूस, पण हट्टी. स्वतः पावसाळ्यात उपाशी राहिलेला, म्हणून त्याने लटारूला तोंडावर सांगितलं होतं, "बारमाही नोकरी लाग, मंग लेक पाठवतो. चार महिने पावसात तिले काय चारशीन, फीता?" लटारूच्या घरची जमीन दोघा भावांतच पुरत नव्हती, तर तिघांत कुठून पुरणार? हे सगळं त्याने मला एका दुपारी थप्पीच्या सावलीत सांगितलं. सांगून झाल्यावर म्हणाला, "मे महिन्याच्या पंचवीसले माही मुदत संपते, मुन्शीजी. साहेबांले विचारू का, बारमाही ठेवता का म्हणून?"

"विचार ना. खाऊन टाकणार हायेत का ते तुले?"

पण विचारणं त्याच्या जिवावर येत होतं. एप्रिलभर मी तमाशा बघितला. एकदा साहेब सकाळी थप्प्यांत फिरत होते, हा मागे मागे गेला, साहेबांनी वळून "काय?" म्हटलं, तर म्हणाला, "काई नाई साहेब, विंचू होता." एकदा हापिसाच्या दारात पंधरा मिनिटं उभा राहिला आणि मग दाराला तेल घातलं. मी त्याला किती चिडवलं! "अरे, तुह्यापेक्षा वाघीण बरी, ढकलली तर चालते तरी." तो हसायचा, पण रोज कॅलेंडरवर बोट ठेवून दिवस मोजायचा तेही मी पाहत होतो. खरं सांगतो, तेव्हा मला त्याची दया यायला लागली होती. दयाही येत होती आणि त्याचा मत्सरही वाटत होता, दोन्ही एकाच वेळी. माणसाचं मन असंच असतं, कमीत कमी माझं तरी.

आता हातोड्याचं सांगतो. आमच्या शेठचा एक मार्का होता, लोखंडी हातोड्याच्या तोंडावर उलटा कोरलेला. जंगलखात्याच्या दप्तरी तो नोंदवलेला. प्रत्येक गोलाच्या कापलेल्या तोंडावर त्या हातोड्याचा एक ठोका मारला की माल आमचा ठरायचा. स्टेशनावर वाघिणीत भरण्याआधी जंगलखात्याचा नाकेदार एकेक मार्का बघायचा आणि मगच निकासीचा पास द्यायचा. म्हणून हातोडा कोणाच्याही हाती द्यायचा नसतो. तो माझ्या लाकडी पेटीत कुलूप लावून असायचा आणि कुलपाची किल्ली माझ्या करदोड्याला. साहेबांचा हुकूम झाला की मी स्वतः काढायचा, स्वतः मारायचा, स्वतः परत ठेवायचा.

उन्हाने तोंड चिरलं, चिखल बसला किंवा वाळवी लागली की मार्का पुसट होतो. तसा झाला तर त्याची वेगळी रीत होती. जंगलखात्याच्या रेंज हापिसात अर्ज करायचा. खात्याचा माणूस येऊन गोलाचा नंबर यादीशी ताडतो, लांबी आणि घेर पुन्हा मोजतो, आणि त्याच्यासमोर जुन्या मार्क्याच्या बाजूला नवा मार्का मारायचा, त्याच्यावर नव्हे. जुन्यावर नवा ठोका मारला की ठसा दुहेरी दिसतो. दुहेरी ठसा दिसला की खातं समजतं, चोरीच्या मालावरचा दुसऱ्याचा मार्का खोडला. त्यावर सरळ खटला.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, भर दुपारी, मी हापिसातल्या बाकावर ओला गमछा तोंडावर टाकून पडलो होतो. लटारू आला.

"मुन्शीजी, मांगच्या थप्पीतल्या सतरा गोलांचे मार्के पुसट झालेत. पाऊस पडल्यावर तर दिसणारच नाईत."

मला रीत ठाऊक होती. बावीस वर्षांच्या पोराला ती ठाऊक नव्हती, कारण ती शिकवायचं काम माझं होतं आणि मी शिकवली नव्हती. पण रीत पाळायची म्हणजे अर्ज लिहा, रेंज हापिसात उन्हात सायकल मारा, नाकेदाराची वाट बघा. मला झोप येत होती. मी गमछ्याखालूनच म्हणालो, "मंग मारून टाक ना बाप्पा." करदोड्याची किल्ली सोडून त्याच्या हातात दिली. "हातोडा काढ, मार, अन् परत ठेव. मले उठवू नको."

त्याने अगदी मन लावून काम केलं. सतराही गोलांवर जुन्या मार्क्याच्या बरोब्बर वर नवा ठोका मारला, इकडे तिकडे दोराभरही नाही. लटारूच तो. काम करायचं तर बरोबर जागेवरच.

चार दिवसांनी त्याने साहेबांना विचारलं. मी तिथेच होतो, टेबलावर यादी उतरवत. लटारूने स्वच्छ धुतलेला सदरा घातला होता आणि केसांना इतकं तेल चोपडलं होतं की कानांवर ओघळत होतं. दारातच उभा राहून एका दमात बोलला, "साहेब, माही मुदत पंचवीसले संपते, मले बारमाही ठेवता येईल का?" बोलून झाल्यावर दाराची चौकट घट्ट धरली.

नूर मोहम्मद साहेबांनी चष्मा काढला. मला वाटलं होतं, 'बघू' म्हणून वाटेला लावतील. पण ते म्हणाले, "आत ये. बस." उमेदवाराला खुर्ची मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. "विचारलं ते अच्छा केलं, बेटा. मीच वाट पाहून राह्यलो होतो, हा कधी विचारते म्हणून. आता मी तुले विचारतो. ठेवणं माह्या हातात नाई, शेठच्या हातात हाये. शेठ मले एकच विचारणार, पावसात ह्या माणसाले काम काय? मी काय लिहू?"

लटारूने तयारी केलेली होती. म्हणाला, पावसात खालचे गोल चिखलात बसतात, त्या थप्प्या उलटाव्या लागतात. वाळवी बघावी लागते. वाघिणी तर पावसातही जातात, तेव्हा माप पुन्हा ताडावं लागते. साहेब मान डोलावत होते, मलाही आतून बरं वाटत होतं. मग तो म्हणाला, "अन् मार्के पुसट होतात, साहेब. मी आत्ताच सतरा गोलांचे मार्के नवे करून ठेवले. जुन्याच्या बरोबर वर मारले, बिलकूल हालू देले नाई."

साहेबांनी चष्मा पुन्हा घातला, उठले आणि सरळ मागच्या थप्पीकडे चालायला लागले. आम्ही दोघं मागे. त्यांनी एकेका गोलासमोर वाकून सतराही ठसे बघितले. सगळे दुहेरी. लटारू अजून हसतमुखाने उभा होता बिचारा. त्याला वाटत होतं शाबासकी मिळणार.

साहेबांनी त्याला हळू आवाजात रीत सांगितली. खटला कसा होतो तेही सांगितलं. लटारूचं तोंड पांढरंफटक पडलं.

"हातोडा कोणी देला तुले?"

मी बोलायला हवं होतं. तोंड उघडायला किती वेळ लागतो? पण डेपोत एकच मुन्शी, वीस वर्षांची नोकरी, आणि गावात लोक मला रामराम करतात, हे सगळं एकदम आठवलं आणि मी थप्पीकडे बघत राहिलो.

लटारूने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, "मीच घेतला साहेब. पेटी उघडी होती."

साहेबांची नजर माझ्या कमरेवर गेली, करदोड्याच्या किल्लीवर. आणि परत लटारूकडे आली. "पेटी उघडी होती," ते म्हणाले. "बरं."

गप्प बसायचं असतं तर साहेबांना बसता आलं असतं. सतरा गोल थप्पीच्या पोटात ढकलायचे, एकेक करून अंधूक संध्याकाळी वाघिणीत भरायचे, दुसऱ्या डेपोत तसं चालायचं असं ऐकून होतो. मी तसं सुचवलंही, माझाच जीव वाचवायला. साहेब म्हणाले, "मुन्शीजी, पोट्ट्याले आपण सहा महिने काय शिकवलं मंग?" दुसऱ्या दिवशी सकाळी लटारूला सायकलवर मागे बसवून ते स्वतः रेंज हापिसात गेले आणि अर्ज दिला. डेपोच्या मॅनेजरने सायकलवर उमेदवाराला डबलसीट घेतलेलं पाहून स्टेशनावरचे हमाल हसले. मी नाही हसलो.

त्या दिवशी घरी जेवताना गुणाबाईने विचारलं, "काऊन जेवत नाई?" मी सगळं सांगितलं. ती वाढता वाढता थांबली आणि म्हणाली, "त्याची बायको तिकडे वाट पाहून राह्यली, अन् तुमी इथी गप बसले?" मग माझं ताट उचलून घेऊन गेली. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

खात्याचा डिप्टी रेंजर दोन नाकेदारांना घेऊन आला. दोन दिवस उन्हात ते सतरा गोल बाहेर काढले. एकेकाचा नंबर, लांबी, घेर त्यांनी आपल्या फीत्याने मोजला आणि आमच्या यादीशी ताडला. ती यादी लटारूची. सतराच्या सतरा गोल इंचाला इंच जुळले. डिप्टी रेंजर सरकारी माणूस, कपाळाला कायमची आठी, पण सतरावा गोल जुळल्यावर त्याने फीता गुंडाळत विचारलं, "हे माप कोणी घेतलं?" साहेबांनी लटारूकडे बोट केलं. डिप्टी म्हणाला, "मापाची यादी अशी नसती तर माल जप्त होता, मॅनेजर साहेब." मग पंचनामा झाला, त्यांच्यासमोर बाजूला नवे मार्के मारले, ते मीच मारले, आणि डेपोला लेखी ताकीद मिळाली. 'देखरेखीत कसूर माझी' असं लिहून खाली सही केली नूर मोहम्मद साहेबांनी. माल सुटला.

लटारूने मात्र आशा सोडली होती. ट्रंक बांधायला घेतली. मला म्हणाला, "आता कोणत्या तोंडानं बारमाही मागू, मुन्शीजी? तुमी मनाले लावून घेऊ नका." मी मनाला लावून घेऊ नये म्हणून तोच मला समजावत होता! मला त्याला मिठी मारावीशी वाटली आणि दोन थोबाडीत द्याव्याशाही वाटल्या. दोन्हींपैकी काहीच केलं नाही. बिडी पेटवली.

एकविसाव्या तारखेला दुपारी साहेबांनी मला हापिसात बोलावलं. "शेठले पत्र लिहायचं हाये. मी सांगतो, तुम्ही लिहा." शेठला जाणारं प्रत्येक पत्र माझ्याच अक्षरात जायचं. मी दौत पुढे ओढली. साहेब खिडकीपाशी उभे राहून पुस्तकी भाषेत सांगू लागले आणि मी लिहीत गेलो.

'उमेदवार लटारू याची मुदत या महिन्याच्या पंचवीस तारखेस पुरी होते. त्याने कायम नोकरीविषयी माझ्याकडे विचारणा केली आहे. माप चोख, वागणूक सचोटीची. पावसाळ्यात थप्प्यांची उलथापालथ, वाळवीची देखरेख व पुनर्मोजणी ही कामे तो करू शकेल. सतरा गोलांवर त्याने रीत न कळल्यामुळे दुहेरी मार्का मारला. त्याच्याच मापाच्या यादीमुळे माल सुटला. त्यास बारमाही घ्यावे अशी माझी शिफारस आहे.'

मी मान वर केली. मला वाटलं, झालं.

"अजून एक ओळ," साहेब म्हणाले. "लिहा. 'हातोडा त्यास' — आता थोडी जागा सोडा — 'यांनी दिला.'"

माझी लेखणी थांबली.

"नाव मले ठाऊक नाई, मुन्शीजी. पोट्टा म्हणते पेटी उघडी होती. मी पेटी उघडी कधी पाहिली नाई. तुम्हाले नाव ठाऊक असेल तर घाला. नसेल तर जागा तशीच राहू द्या, मी तशीच सही करतो." त्यांनी कोपऱ्यातला लोटा उचलला. "मी नमाज पढून येतो."

ते गेले आणि मी त्या कोऱ्या जागेसमोर बसून राहिलो. चार बोटांची जागा. मी आयुष्यात हजारो नावं लिहिली असतील, बंडीवाल्यांची, हमालांची, ठेकेदारांची. त्या चार बोटांत काय लिहावं ते मला सुचेना. एकदा वाटलं, 'पेटी उघडी राहिल्याने तो स्वतः' असं काहीतरी गोल लिहून टाकावं. मला तसं लिहायला छान जमतं, मुन्शीचं पोट त्यावरच चालतं. खिडकीतून मागची थप्पी दिसत होती. लटारू शेवटच्या चार दिवसांतही तिथे उन्हात वाकून घेर घेत होता, खडूची रेघ मारून, मधोमध. त्याने माझ्यासाठी खोटं बोलून सहा महिन्यांची उमेदवारी आणि बायको दोन्ही पणाला लावली होती, आणि वर माझीच समजूत काढली होती. मला माझी इतकी लाज वाटली की डोळ्यांतून पाणी आलं. मी लिहिलं, 'मुन्शी बापूजी'. जागा पुरली.

साहेब आले, पत्र वाचलं, सही केली. "शाई वाळू द्या," एवढंच म्हणाले. पण जाताना त्यांचा हात क्षणभर माझ्या खांद्यावर टेकला.

उत्तर आलं ते पंचवीस तारखेला सकाळच्या गाडीने. लटारूची ट्रंक हापिसाच्या दाराशी बांधून तयार. साहेबांनी आम्हा दोघांना समोर उभं केलं आणि वाचलं. शेठचं पत्र चार ओळींचं. उमेदवार लटारू यास एक जूनपासून बारमाही नेमावे, हातोडा त्याच्या ताब्यात असावा. पावसाळ्यात दोन कारकून ठेवणे डेपोस परवडणार नाही. तरी मुन्शी बापूजी यांनी यंदापासून हंगामी राहावे.

बाहेर वाघिणीला धक्के देणाऱ्यांचा आरडाओरडा तेवढा येत होता. वीस वर्षं बारमाही होतो मी.

लटारूनेच तोंड उघडलं. "मंग मले नाई पायजे, साहेब. मुन्शीजीची जागा घेऊन मले नाई पायजे." त्याने ट्रंकेची कडी धरली.

साहेब माझ्याकडे बघत राहिले. ते काही सांगणार नव्हते, हे मला आता कळत होतं. माझं तोंड मलाच उघडायचं होतं.

"ठेव ते ट्रंक खाली," मी ओरडलो. माझा आवाज इतका मोठा निघाला की चौकीदार दारात येऊन उभा राहिला. "शहाणा झाला का तू? किल्ली मी देली होती, तुले रीत मी नाई सांगितली, अन् इथं तू खोटं बोलून राह्यला तेव्हा मीच तोंड मिटून गप बसलो होतो. आयुष्यात एक डाव माह्या हातून खरं लिहिणं झालं. आता तू नाई म्हणशीन तर ते नाव मी कायले लिहिलं रे? मले दोन एकर हाये, चार महिने धान लावीन, मरत नाई मी."

तो रडायला लागला. बावीस वर्षांचा बाप्या, सगळ्यांसमोर, सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसत. मीही फार मागे नव्हतो. साहेबांनी टेबलावरचा एक कोरा कागद काढून त्याच्यासमोर ठेवला आणि दौत सरकवली.

"सासऱ्याले लिही," ते म्हणाले.

लटारूने दोनदा लेखणी उचलली, पण त्याच्याने अक्षर निघेना. शेवटी मीच लेखणी घेतली, खुर्ची ओढली आणि मुखरूला लिहिलं की तुमचे जावई एक जूनपासून आमच्या डेपोत बारमाही आहेत, लेकीस गाडीत बसवून द्यावे.